उष्टावणासाठी चार कडव्यांचं आशीर्वादगीत: अष्टाक्षरीत कसं बांधायचं

उष्टावणाच्या दिवशी पाट मांडलेला असतो, रांगोळी काढलेली असते, चांदीची वाटी घासूनपुसून ठेवलेली असते. मामा बाळाला मांडीवर घेतो आणि कुणीतरी म्हणतं, "अगं, काहीतरी म्हणा की!" मग एकमेकींच्या तोंडाकडे बघणं सुरू होतं. बारशाला पाळणा ठरलेला असतो, डोहाळजेवणाला गाणी असतात. उष्टावणाला मात्र बऱ्याच घरांत म्हणायला काही नसतं. ही जागा आपण स्वतः भरू शकतो. त्यासाठी कवी असावं लागत नाही, आठ अक्षरं मोजता आली की झालं. खाली एक गीत पहिल्या कच्च्या ओळीपासून शेवटपर्यंत बांधून दाखवलं आहे. समजा बाळाचं नाव रेवा आहे, तिला सातवा महिना लागलाय आणि घास मामा भरवणार आहे.

आधी ऐवज गोळा करा

यमक शोधायला बसण्याआधी एका कागदावर त्या दिवशी खरोखर काय घडणार आहे ते लिहून काढा. भरवणार कोण? बसणार कुठे? वाटीत काय असेल, खीर की तूपभात? आजी-आजोबा दोन्हीकडचे येणार आहेत का? बाळाची एखादी खोड आहे का? काही बाळं चमचा दिसला की तोंड उघडतात, काही तोंड घट्ट मिटून मान फिरवतात. गीत उभं राहतं ते या तपशिलांवर.

हे टाळून थेट यमकाकडे गेलं की काय होतं, त्याचा नमुना बघा:

रेवा रेवा नाव छान,
खूप खूप हो महान.

अक्षरं मोजा, दोन्ही ओळींत बरोबर आठ आहेत. यमकही जुळलंय. पण यातलं रेवा काढून दुसरं कुठलंही नाव घाला, वाढदिवसाला म्हणा नाहीतर शाळेच्या संमेलनात, काहीच फरक पडत नाही. उष्टावणाचं गीत उष्टावणाचंच आहे हे ओळखायची खूण सोपी आहे: त्यात घास दिसला पाहिजे.

आशीर्वादात काय मागायचं, याचा विचारही इथेच करून घ्यावा. आश्वलायन गृह्यसूत्रात सहाव्या महिन्यातल्या अन्नप्राशनाचा विधी सांगितलाय. तिथे बाळाला अन्न देताना म्हणायचा मंत्र अन्नपतीला, म्हणजे अन्नाच्या स्वामीला उद्देशून आहे. त्यातली मागणी मोठी नेमकी आहे. रोग न आणणारं आणि बळ देणारं अन्न आम्हाला दे, जो देतो त्याची भरभराट कर, आणि दोन पायांच्यांना नि चार पायांच्यांना, सगळ्यांनाच ऊर्जा दे. धन, कीर्ती, मोठेपण यांचं तिथे नावही नाही. मला हा आराखडा फार आवडतो, कारण तो अन्नापाशीच थांबतो: खाल्लेलं अंगी लागू दे, ताट भरलेलं राहू दे, आणि त्यातलं दुसऱ्याला द्यायची बुद्धी होऊ दे. आपल्या गीताच्या शेवटच्या दोन कडव्यांना एवढं पुरेसं आहे.

आठ अक्षरं मोजायची कशी

आपण घेतोय तो छंद अष्टाक्षरी. ओळीत आठ अक्षरं, चार ओळींचं कडवं, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत यमक. छोट्या अभंगाच्या चरणातही आठच अक्षरं असतात. त्यामुळे घरातल्या आजीला हे गीत कुठल्या ना कुठल्या ओळखीच्या चालीत लगेच बसवता येतं. मोठ्या अभंगाची सहा-सहा-सहा-चार अशी बांधणीही सुंदर आहे, पण नवख्याने अष्टाक्षरीच घ्यावी.

मोजताना काने, मात्रा, वेलांट्या बघायच्या नाहीत. ऱ्हस्व की दीर्घ, हेही बघायचं नाही. जोडाक्षर कितीही जड असलं तरी ते एकच अक्षर. "अन्न" म्हणजे अ-न्न, दोन अक्षरं. "वर्षी" म्हणजे व-र्षी, दोनच. "दुसऱ्याला" म्हणजे दु-स-ऱ्या-ला, चार. अनुस्वार वेगळा मोजत नाहीत, म्हणून "मांडी" दोन अक्षरी. "उष्टावण" हा शब्द उ-ष्टा-व-ण असा चार अक्षरी आहे, म्हणजे हवा असेल तर अर्धी ओळ तोच भरतो.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना अडते. बोलताना आपण "भात" हा शब्द "भात्" असा म्हणतो, शेवटचा अ खाऊन टाकतो. "तूपभात" बोलताना दोनच ठोक्यांत संपतो. छंदात मात्र तो तू-प-भा-त असा चार अक्षरी धरतात, आणि गाताना शेवटचा "त" पूर्ण लांबवतात. म्हणून अष्टाक्षरी गाऊन बघितली की सुरेख बसते, पण सपाट आवाजात वाचली की काही ओळी आखूड वाटतात. घरात गाणारं कुणीच नसेल आणि गीत नुसतं वाचायचं असेल, तर ओळीचा शेवट आ, ई, ए, ओ अशा स्वराने होईल असं बघा. रेवा, मेवा, खाई, आई, जावे असे शेवट वाचतानाही तुटत नाहीत.

आठाचा हिशेब जुळला की अजून एक चाचणी घ्यायची. ओळ म्हणताना पहिल्या आणि पाचव्या अक्षरावर टाळी द्या. पाचव्या अक्षरावर नवा शब्द सुरू होत असेल तर ओळ आपोआप डुलते. टाळी शब्दाच्या मधोमध पडली तर अक्षरं बरोबर असूनही म्हणणारा अडखळतो. समारंभात पाच-सात जणींनी एकत्र म्हणायचं असतं, तेव्हा हे फार जाणवतं. निम्म्या पुढे जातात, निम्म्या मागे राहतात.

पहिलं कडवं: चित्र उभं करायचं

पहिली कच्ची ओळ अशी सुचली: "मामा पाटावर बसलाय आणि रेवाला मांडीवर घेतलंय." हे गद्य झालं, पण ऐवज बरोबर आहे. यातला "आणि" काढला, क्रियापद आटोपशीर केलं. "मामा बसे पाटावरी": मा-मा-ब-से, पा-टा-व-री. आठ भरली, टाळीही "पाटावरी"च्या "पा"वर पडते. दुसरी ओळ "मांडीवर आली रेवा". नाव ओळीच्या शेवटी आल्यामुळे आता यमक त्याच्याशी जुळवायला हवं.

रेवाला जुळणारे शब्द: देवा, सेवा, ठेवा, मेवा, हेवा. सगळ्यात आधी हात जातो तो "देवा"कडे. पण मग पुढची ओळ "सुखी ठेव हिला देवा" अशी होते आणि आशीर्वाद पहिल्याच कडव्यात खर्च होतो. "हेवा" शुभप्रसंगी नको. "मेवा" मात्र खाण्याचा शब्द आहे, म्हणून तो घेतला:

मामा बसे पाटावरी,
मांडीवर आली रेवा;
वाटीमध्ये तूपभात,
हाच तिचा आज मेवा.

या शेवटच्या ओळीचा एक फायदा आहे. तूपभात हाच मेवा असं गीतच सांगतं, त्यामुळे कौतुकाने बाळाच्या तोंडात बेदाणा किंवा काजूचा तुकडा घालायला निघालेल्या हाताला आपसूक अडवता येतं. सहा-सात महिन्यांच्या बाळाच्या घशात असा तुकडा अडकू शकतो. गीतात "मध" हा शब्दही आणू नये. दोनच अक्षरं आहेत, कुठेही बसतो, आणि वर सांगितलेल्या जुन्या विधीत दही-मध-तूप मिसळलेलं अन्न आहेच. पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध देत नाहीत. त्यात क्वचित असणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. गीतात मध आला की कुणीतरी बोटाने चाटवणारच. वाटीतला भात मऊ शिजवून गाळासारखा घोटलेला असावा, वर तुपाचे दोन थेंब. मीठ आणि साखर दोन्ही नको. त्या दिवशी दोन-तीन लहान चमचे गेले तरी भरपूर झालं.

तुमच्याकडे खीर करत असतील तर ओळ "वाटीमध्ये खीर थोडी" अशी करा. आठ अक्षरं कायम राहतात. तीही बिनसाखरेची, नुसती तांदळाची पातळ पेज करतो तशी करावी.

दुसरं कडवं: घास

गीताचा जीव इथे आहे. बाळ पहिला घास घेताना हमखास जीभ बाहेर काढतं आणि निम्मा भात हनुवटीवर येतो. त्याला भात आवडला नाही असं समजून घरच्यांची तोंडं उतरतात, पण तसं काही नसतं. आजवर ते फक्त दूध ओढत आलंय आणि जिभेला तीच सवय आहे. तोंडात आलेला नवा पदार्थ जिभेने बाहेर ढकलला जातो. हा गमतीचा क्षण गीतात पकडला की त्या वेळी सगळे हसतात आणि वातावरण मोकळं होतं.

पहिला प्रयत्न असा होता:

घास पहिला ओठाला,
जीभ काढी, पुन्हा खाई;
अर्धा सांडे, अर्धा गिळे,
हसू लागे तिची आई.

अक्षरं सगळीकडे आठ आहेत, खाई-आई हे यमकही चोख आहे. तरी दोन जागी खुपतं. पहिल्या ओळीत टाळी देऊन बघा: घा-स-प-हि, ला-ओ-ठा-ला. पाचव्या अक्षरावरची टाळी "पहिला"च्या "ला"वर पडते, शब्द फुटतो. तो उलटा फिरवला: "पहिलाच घास ओठी". आता प-हि-ला-च, घा-स-ओ-ठी, नीट दोन भाग. दुसरी खोच तिसऱ्या ओळीत आहे. मंगल प्रसंगी अन्न "सांडे" म्हणणं एखाद्या आजीला रुचणार नाही, आणि तिचं बरोबर आहे. म्हणून "अर्धा गाली, अर्धा पोटी" असं केलं. अर्थ तोच, शब्द गोड, आणि ओठी-पोटी असं जास्तीचं यमक फुकट मिळालं:

पहिलाच घास ओठी,
जीभ काढी, पुन्हा खाई;
अर्धा गाली, अर्धा पोटी,
हसू लागे तिची आई.

तिसरं आणि चौथं: आशीर्वाद

पहिली दोन कडवी जमलेल्यांना उद्देशून आहेत, त्यांत रेवा "तिची" आहे. आशीर्वाद मात्र थेट बाळाला द्यायचा असतो, म्हणून इथे "तुझ्या" येतं. हा बदल कडव्याच्या सुरुवातीलाच करावा, मधल्या ओळीत केला तर ऐकणारा गोंधळतो. क्रियापदंही बदलतात: लागो, राहो, जावे. मराठीत थोरांचा आशीर्वाद अनेकदा याच रूपांत येतो. "तू निरोगी होशील" हे भविष्य झालं, "निरोगी हो" ही आज्ञा झाली. "अन्न अंगी लागो" म्हटलं की आजीचा आवाज ऐकू येतो.

आरोग्य मागताना आजाराचं नाव घेऊ नये, एवढं पथ्य पाळा. "रोग नको, ताप नको" असं लिहिलं की कानावर रोग आणि ताप हेच शब्द पडतात. त्याऐवजी निरोगी बाळ काय करतं ते मागा: जेवण अंगी लागणं, शांत झोप.

अन्न लागो अंगी तुझ्या,
झोप लागो रात्रभर;
आजीसवे आजोबांचा
हात राहो डोईवर.

(दुसरी ओळ बाळापेक्षा बाळाच्या आईसाठी आहे, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलं असेलच.)

तिसरी ओळ आधी "आजी-आजोबांचा हात" अशी होती. आठ अक्षरं होती, पण टाळी "आजोबांचा"च्या पोटात पडत होती. "आजीसवे" घातल्यावर ओळ सरळ झाली. या ओळीबाबत एक काळजी घ्या. आजी किंवा आजोबा हयात नसतील, किंवा एका बाजूचे येऊ शकणार नसतील, तर भर समारंभात ही ओळ कुणाला तरी टोचेल. तिथे "घरातल्या थोरांचा गं" अशी ओळ घ्या. मुलगा असेल तर "गं"च्या जागी "रे". गं आणि रे हे एकेका अक्षराची उणीव भरायला फार उपयोगी पडतात, पण अख्ख्या गीतात एकदोनदाच वापरा. प्रत्येक ओळीत आले की भरताड कळून येते.

शेवटच्या कडव्यात भाग्य. मागे बघितलेल्या मंत्रातला देणारा इथे आणला, आणि दीर्घायुष्य "शतायुषी हो" असं न म्हणता चित्रातून मागितलं:

भरलेले राहो ताट,
दुसऱ्याला देत जावे;
शंभराव्या वर्षी, रेवा,
पणतूला भरवावे.

"ताट रिते नसो" असंही लिहिता आलं असतं, पण "रिते" हा शब्दच नको, म्हणून "भरलेले". आणि आज जिला मामा भरवतोय तिने शंभरीत पणतूला भरवावं, यात आयुष्य, आरोग्य आणि वंशवेल तिन्ही येतं.

नाव बदललं की काय हलतं

दोन अक्षरी नाव असेल आणि त्याचा शेवट "वा"ने होत नसेल, तर ते यमकाच्या जागेवरून हलवणं सोपं पडतं. तीन अक्षरी नावाला पहिलं कडवं थोडं उसवावं लागतं. समजा नाव विहान:

मामा बसे पाटावरी,
मांडीवरी ये विहान;
वाटीमध्ये तूपभात,
घास मऊ नि लहान.

दुसऱ्या कडव्यात "हसू लागे त्याची आई", आणि शेवटच्या कडव्यातली तिसरी ओळ "शंभरीला, विहान, तू". चार अक्षरी नाव "मांडीवर"च्या आधी चपखल बसतं, जसं "मनस्विनी मांडीवर". फक्त मग यमक "वर"चं होतं आणि तिसऱ्या कडव्यातही "डोईवर" आहेच. तेव्हा दोन्हींपैकी एक बदलून घ्या, नाहीतर गीत एकाच सुरावर अडकल्यासारखं वाटतं.

भरवणारी मावशी असेल तर "मावशी ही पाटावरी", आजी असेल तर "आजी बसे पाटावरी". भरवण्याचा मान कुणाचा हे घरात आधी ठरवून घ्या आणि मगच ओळ लिहा, उलट करू नका.

म्हणायचं केव्हा

दिवस ठरवताना मुलाला सम आणि मुलीला विषम महिना बघण्याची रीत बऱ्याच घरांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध द्यावं आणि मग वरचं अन्न सुरू करावं. सहावा महिना "चालू" असताना पाचच पूर्ण झालेले असतात, हे मोजताना लक्षात ठेवा. मुलीला सातवा लागल्यावर दोन्ही हिशेब जुळतात. मुलाच्या बाबतीत सम महिन्यासाठी आठव्यापर्यंत थांबायचं असेल, तर वरचं अन्न मात्र डॉक्टरांना विचारून वेळेवर सुरू करा. समारंभ नंतर झाला तरी चालतो.

संथ चालीत सोळा ओळींना साधारण मिनिटभर लागतं. त्याहून लांब गीत करू नये, कारण पाटावर बाळ तेवढंच टिकतं. बाळ फार भुकेलं नसावं आणि झोपेलाही आलेलं नसावं. औक्षण करताना पहिलं कडवं म्हणा. निरांजन ओवाळून बाजूला ठेवलं की मामाने हात धुतलेले आहेत ना ते बघा, बाळाला मांडीवर ताठ बसतं करा आणि दुसऱ्या कडव्याच्या पहिल्या ओळीवर घास ओठांना लावा. घास आणि ओळ एकाच वेळी यायला हवी असेल तर मामाबरोबर आदल्या रात्री एकदा रिकाम्या चमच्याने तालीम करून घ्या. तिसरं कडवं थोरांनी अक्षता टाकताना म्हणायचं, चौथं सगळ्यांनी मिळून.

गीत मोठ्या अक्षरांत लिहून चार-पाच प्रती काढा आणि प्रत्येक ओळीत पाचव्या अक्षराआधी एक बारीक उभी रेघ मारा, म्हणजे टाळी कुठे ते शोधावं लागत नाही. मोबाईलवर पाठवलेलं गीत ऐन वेळी कुणाला सापडत नाही. बाळाने घासाआधीच भोकाड पसरलं तर दुसरं कडवं सोडून थेट तिसऱ्यावर जा. ते शांत झाल्यावर घास द्या आणि राहिलेलं कडवं तेव्हा म्हणा.